सात वाजता वॉर्डच्या दारात कोण उभे असते?

भेटीच्या वेळा बदलायचा निर्णय एका खोलीत होतो आणि तो पाळायची वेळ दुसऱ्याच ठिकाणी येते. खोलीत चार-पाच जण बसून वेळ ठरवतात. संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, ऑफिसची बॅग खांद्यावर तशीच घेऊन धापा टाकत आलेल्या मुलीला "ताई, आता आत नाही सोडता येणार" असे सांगायला मात्र वॉर्डच्या दारात एखादी सिस्टर किंवा सिक्युरिटीचा माणूस असतो. त्या खोलीला आणि या दाराला जोडणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे कर्मचाऱ्यांना पाठवलेला मेल. नियम टिकणार की पंधरा दिवसांत मोडणार, हे बरेचसे त्या मेलमध्येच ठरते असे माझे मत आहे. आणि असे बहुतेक मेल चुकतात, कारण ते लिहिताना डोळ्यांसमोर नातेवाईक असतात. वाचणारी माणसे वेगळी आहेत, हे लिहिणाऱ्याच्या लक्षातच राहत नाही.

हे मी बाहेरून बोलत नाही. मी अनेक वर्षे वॉर्ड सांभाळला, नंतर नर्सिंगचे प्रशासन पाहिले, आणि असा एक वाईट मेल मी स्वतः लिहिला आहे. त्याचा मजकूर साधारण असा होता:

"सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, वॉर्डमध्ये नातेवाईकांची अनावश्यक गर्दी होत असल्याचे प्रशासनाच्या निदर्शनास आले आहे. संसर्ग टाळण्याच्या दृष्टीने भेटीची वेळ तत्काळ सायंकाळी 4 ते 7 अशी करण्यात येत आहे. सर्व कर्मचाऱ्यांनी काटेकोर अंमलबजावणी करावी. हयगय केल्यास कारवाई करण्यात येईल."

आधी ही वेळ 5 ते 8 होती. म्हणजे एकही तास कमी झाला नव्हता, वेळ फक्त एक तास अलीकडे सरकली होती. तरीही तिसऱ्या आठवड्यात एका वॉर्डमध्ये सातला दार बंद होत होते, शेजारच्या वॉर्डमध्ये आठपर्यंत सताड उघडे असायचे, आणि नातेवाईक एकमेकांना कोणत्या सिस्टर "चांगल्या" आहेत ते सांगू लागले होते. ज्या बिचाऱ्या नियम पाळत होत्या त्या वाईट ठरल्या. त्यांच्यापैकी एकीने मला विचारले, "मॅडम, मी त्यांना सांगू तरी काय? संसर्ग होतो म्हटले, तर ते म्हणतात, मग साडेसहाला होत नाही का?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण मी मेलमध्ये खरे कारण लिहिलेच नव्हते.

खरे कारण होते इन्शुलिन. तीस खाटांचा मेडिसिनचा वॉर्ड, संध्याकाळच्या ड्युटीला दोन सिस्टर. सव्वासातपासून साखर तपासायची, जेवणाआधीचे इन्शुलिन द्यायचे, जेवण येते ते पाहायचे, रात्रीची औषधे काढायला घ्यायची. आठला ड्युटी बदलते, त्यामुळे पावणेआठपासून ओव्हर देणे सुरू होते. एका सिस्टरकडे पंधरा पेशंट, प्रत्येकाला चार मिनिटे धरली तरी एक तास लागतो. आणि नेमक्या याच तासात वॉर्ड सर्वांत भरलेला असायचा, कारण कामावरून सुटलेली माणसे सातनंतरच पोचतात. प्रत्येकाला सिस्टरला काही ना काही विचारायचे असते, आणि त्यात त्यांचे काहीच चुकत नाही. दिवसभर काळजीत काढलेल्या माणसाने "आज ताप होता का हो?" एवढे विचारले तर तो गुन्हा नव्हे.

एका संध्याकाळी एका आजींना 10 युनिट इन्शुलिन दिले गेले. सिस्टर चार्टवर सही करणार तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरच्या पेशंटच्या मुलाने हाक मारली, सलाइन थांबले होते. ती तिकडे गेली, तिथून तिसरीकडे. सहीची जागा रिकामी राहिली. आठला ओव्हर झाले, तेही चार नातेवाईक भोवती उभे असताना, घाईघाईने. रात्रीच्या सिस्टरने चार्ट पाहिला, रकाना कोरा होता. तिने योग्य तोच अर्थ काढला, की डोस राहिला आहे. तिने इन्शुलिन भरले. खाटेपाशी गेल्यावर आजी म्हणाल्या, "अहो, सुई झाली की मघाशी."

आजी शुद्धीवर होत्या, बोलत्या होत्या, म्हणून एवढ्यावर निभावले. त्या झोपलेल्या असत्या किंवा त्यांना स्मृतिभ्रंश असता, तर दुहेरी डोस गेला असता आणि साखर मध्यरात्री उतरली असती. साखर उतरल्याच्या खुणा म्हणजे घाम, थरथर, बरळणे. जागा माणूस त्या सांगतो. झोपलेल्या माणसाच्या बाबतीत त्या पांघरुणाखाली राहून जातात.

आता माझे म्हणणे साधे आहे. ही घटना, नाव न घेता, मेलमध्ये हवी होती. मी ती का लिहिली नाही? कारण मला वाटले, आपली चूक चव्हाट्यावर कशाला आणायची. त्यापेक्षा "संसर्ग" हा शब्द बरा, तो कोणावरच येत नाही. पण कर्मचारी दूधखुळे नसतात. वॉर्डमध्ये काय घडले ते त्यांना माझ्या आधी माहीत होते. मेलमध्ये भलतेच कारण वाचल्यावर त्यांनी दोन गोष्टी ओळखल्या, एक म्हणजे वरच्या माणसांना आपल्यावर विश्वास नाही, आणि दुसरी म्हणजे दारात उभे राहून हे खोटे आता आपल्याला बोलायचे आहे. आदर हा शब्द मेलमध्ये कितीही वेळा लिहिला तरी याची भरपाई होत नाही.

संसर्गाच्या कारणाला तसा आधारही फारसा नाही. फ्लोरेन्समधल्या एका हृदयरोग अतिदक्षता विभागात भेटीची वेळ आळीपाळीने मर्यादित आणि मोकळी ठेवून तुलना केली गेली, तो अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. मोकळ्या भेटीच्या काळात खोलीतले जंतू वाढलेले आढळले, पण पेशंटमधले गंभीर संसर्ग वाढले नाहीत, आणि हृदयाशी संबंधित गुंतागुंत उलट कमी दिसली. पुढे 2019 मध्ये ब्राझीलमधल्या 36 अतिदक्षता विभागांचा मोठा अभ्यास आला. तिथे दिवसाला बारा तासांपर्यंत भेट देऊनही संसर्गात फरक पडला नाही. पेशंटना होणाऱ्या भ्रमाचे प्रमाण कमी होईल ही त्या संशोधकांची आशाही फळली नाही, पण नातेवाईकांची चिंता आणि उदासी मात्र कमी झाली. हे दोन्ही अभ्यास अतिदक्षता विभागातले आहेत, साध्या वॉर्डला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरी "गर्दी म्हणजे संसर्ग" असे डोळे झाकून लिहिण्याआधी थांबायला एवढे पुरेसे आहे. फ्लूची साथ चालू असेल, वॉर्डमध्ये जुलाबाची लागण पसरली असेल, तर संसर्ग हेच खरे कारण असते. मग तसे लिहावे, आणि हा बदल कधी संपणार तेही लिहावे.

औषधे देताना होणाऱ्या व्यत्ययाबद्दल मात्र चांगली माहिती आहे. सिडनीतल्या दोन रुग्णालयांत संशोधकांनी 98 नर्सना औषधे देताना प्रत्यक्ष पाहिले, चार हजारांहून अधिक डोस. अर्ध्याहून जास्त डोस देताना मध्ये कोणी ना कोणी अडवले होते, आणि प्रत्येक व्यत्ययागणिक चुकांचे प्रमाण साधारण 12 टक्क्यांनी वाढलेले दिसले. हा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. वेळ का बदलली, हे दारात उभ्या सिस्टरला एका वाक्यात सांगता येते: "आत औषधे चालू आहेत, मध्ये बोलले की चूक होते." हे वाक्य नातेवाईकालाही पटते, कारण त्या औषधांपैकी एक त्याच्या आईचे असते.

पण इथेच प्रशासनाची खरी परीक्षा आहे, आणि बहुतेक मेल तिथे गप्प बसतात. सिस्टरला औषधाच्या ट्रॉलीपाशी अडवणारे काय फक्त नातेवाईक असतात? लॅबचा फोन असतो, बिलिंगचा फोन असतो, "जरा अमुक पेशंटची फाइल बघून सांगा" म्हणणारे डॉक्टर असतात, आणि कधीकाळी मीही असायचे. त्या तासात नातेवाईकांना बाहेर काढायचे आणि आपले फोन चालू ठेवायचे, तर औषधांचे कारण हा बहाणा ठरतो. म्हणून वेळ बदलणाऱ्या मेलमध्ये रुग्णालय स्वतः काय सोडणार आहे ते आले पाहिजे. सात ते साडेआठ तातडीचे सोडून एकही फोन वॉर्डला येणार नाही, असे ज्या मेलमध्ये लिहिले आहे तो मेल सिस्टर दुसऱ्यांदा वाचते. कोणी आपल्याकडून काही मागताना स्वतःही काही देत आहे, हे तिला क्वचितच दिसते.

ठामपणाबद्दल एक गैरसमज आहे. माझ्या जुन्या मेलमध्ये "काटेकोर", "हयगय", "कारवाई" असे शब्द होते, आणि मला तो मेल ठाम वाटला होता. प्रत्यक्षात तो ठिसूळ होता. सात वाजता काय करायचे ते त्यात होते. सात वाजून दहा मिनिटांनी अंतिम घटका मोजणाऱ्या पेशंटचा भाऊ दूरच्या गावाहून आला तर काय करायचे, ते नव्हते. अशा वेळी सिस्टरपुढे दोनच रस्ते उरतात, एक तर माणुसकी मोडायची नाही तर नियम. कोणतीही भली सिस्टर नियम मोडेल, आणि मोडलाच पाहिजे. पण एकदा मोडला की दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेचे नातेवाईक विचारतात, "काल त्यांना सोडले, मग आम्हाला का नाही?"

अपवाद आधीच लिहून ठेवले तर नियम मोडावा लागत नाही. माझ्या मते ते चार असावेत, आणि शब्दांत स्पष्ट असावेत. ज्याची स्थिती अत्यवस्थ आहे तो पेशंट. लहान मूल. ज्याला भ्रम किंवा स्मृतिभ्रंश आहे आणि ओळखीच्या माणसाशिवाय जो अस्वस्थ होतो, तो. आणि ज्याची भाषा वॉर्डमध्ये कोणाला येत नाही, तो. या चौघांसोबतचा माणूस भेटायला आलेला पाहुणा नसतो, तो उपचाराचा भाग असतो. मुलांच्या बाबतीत हे पटायला वैद्यकीय जगाला फार वेळ लागला. आईवडिलांना मुलाजवळ कधीही येऊ द्यावे, अशी शिफारस इंग्लंडमध्ये एका सरकारी समितीने 1959 मध्ये केली, आणि त्याआधी आठवड्यातून ठरावीक वेळीच मुलाला पाहायची परवानगी देणारी रुग्णालये होती. तेव्हाही कारण शिस्तीचे आणि संसर्गाचेच दिले जायचे.

या चारांखेरीज पाचवा प्रसंग येणारच. त्याचा निर्णय कोणी घ्यायचा? मी म्हणते, त्या क्षणी ड्युटीवर असलेल्या सिस्टरने, आणि तो सकाळी कोणी उकरून काढायचा नाही. "सुपरवायझरची परवानगी घ्यावी" असे लिहिणे कागदावर शिस्तशीर दिसते. रात्री सव्वासातला फोन लावत, रडणाऱ्या माणसासमोर ताटकळत उभे राहणे कसे असते, ते लिहिणाऱ्याने एकदा अनुभवावे. निर्णय तिचा आणि जबाबदारी आमची, असे मेलमध्ये स्वच्छ लिहिले की तिचा आवाज दारात आपोआप ठाम होतो.

आणखी एक वाक्य हवे, जे लिहायला सगळ्यात जड जाते. हा नियम आमच्या ओळखीच्यांनाही लागू आहे. सिक्युरिटीच्या माणसाला सर्वांत मोठी भीती भांडणाऱ्या नातेवाईकाची नसते, तर "साहेबांचे पाहुणे आहेत, जाऊ द्या" या निरोपाची असते. असा एक निरोप दहा लोकांसमोर आला की त्या दाराची इज्जत गेली. म्हणून मेलवर सही करणाऱ्याने स्वतःचे हात आधी बांधून घ्यावेत.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचे मत याच्या उलट आहे. त्याचे म्हणणे, कारणे दिली की वाद होतात, नियम असा लिहावा की विचारायला जागाच राहू नये. त्याची काळजी मी समजू शकते. लांबलचक समर्थन केले तर मेल खरोखरच अपराधी वाटू लागतो, आणि "शक्यतो", "जमल्यास", "सहकार्याची विनंती" असे शब्द शिरले की वेळ सात आहे की साडेसात हेच कळेनासे होते. पण विचारायला जागा न ठेवणाऱ्या मेलवर प्रश्न विचारले जात नाहीत असे नाही. ते कार्यालयात येण्याऐवजी दारात विचारले जातात, इतकेच. वेळेबद्दलचे वाक्य एक असावे, त्याला फाटे नसावेत. कारणही एकच असावे आणि ते खरे असावे. एवढ्याने कोणीही ढिले होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मला टोचतो. वेळ अलीकडे आणली की फटका बसतो तो उशिरा सुटणाऱ्यांना, हातावर पोट असणाऱ्यांना, ज्यांना चार वाजता सुट्टी मागता येत नाही त्यांना. हे खरे आहे. मेलने ते लपवू नये. ज्यांना रोज याला तोंड द्यायचे आहे त्यांना आपण सांगितले पाहिजे की या बदलाची किंमत आहे आणि ती कोण मोजणार ते आम्हाला ठाऊक आहे. त्यावर थोडा उपायही हवा, कारण नुसते ठाऊक असून त्या माणसाला काही मिळत नाही. इन्शुलिन, जेवण आणि ओव्हर आटोपून साडेआठला वॉर्ड शांत होतो. तेव्हा एका पेशंटकडे एका माणसाने पंधरा मिनिटे येऊन जाण्याने काही बिघडत नाही.

दुसऱ्या वेळी, हे सगळे शिकून, मी जो मेल लिहिला तो असा होता. आधी मी त्या सिस्टरला विचारले, तुझी गोष्ट नाव न घेता सांगू का? ती म्हणाली, सांगा, पण सही राहिली असे लिहा, विसरली असे लिहू नका. मला तो फरक महत्त्वाचा वाटला.

"विषय: सोमवार, 9 तारखेपासून भेटीची वेळ सायंकाळी 4 ते 7

सर्व सहकाऱ्यांना नमस्कार.

सोमवारपासून मेडिसिन वॉर्डमधील भेटीची वेळ 5 ते 8 ऐवजी 4 ते 7 राहील. सात वाजता दार बंद होईल.

कारण एकच आहे. सात ते साडेआठ या वेळेत इन्शुलिन, जेवण आणि ओव्हर एकत्र येतात. गेल्या महिन्यात या वेळेत चार्टवर एक सही राहिली आणि एका पेशंटला इन्शुलिनचा दुसरा डोस जवळजवळ दिला गेला. पेशंटने स्वतः सांगितल्यामुळे तो टळला. यात कोणा एकीचा दोष नाही. त्या तासात इतक्या जणांशी बोलत कोणीही बिनचूक काम करू शकणार नाही.

याच वेळेत लॅब, बिलिंग आणि आमच्या कार्यालयातून तातडीच्या कामाशिवाय वॉर्डला फोन येणार नाही. आल्यास मला कळवा.

अत्यवस्थ पेशंट, लहान मुले, भ्रम किंवा स्मृतिभ्रंश असलेले पेशंट, आणि ज्यांची भाषा वॉर्डमध्ये कोणाला येत नाही असे पेशंट यांच्यासोबत एक माणूस कधीही राहू शकेल. याशिवायच्या प्रसंगी ड्युटीवरच्या सिस्टर ठरवतील. तो निर्णय आम्हाला मान्य असेल. आमच्या ओळखीने कोणी आले तरी वेळ हीच राहील.

उशिरा कामावरून सुटणाऱ्यांची यात अडचण होणार आहे. त्यांच्यापैकी एकाला साडेआठ ते पावणेनऊ भेटता येईल.

नातेवाईकांना तुम्ही एवढे सांगू शकता: 'आत औषधे चालू आहेत, मध्ये बोलले की चूक होते.' कोणी आवाज चढवला तर वाद घालू नका, मला फोन करा, मी येईन. पहिला आठवडा मी रोज सात वाजता वॉर्डच्या दारात असेन.

सहा आठवड्यांनी आपण बसून हे पुन्हा पाहू. तोपर्यंत जे अडेल ते लिहून ठेवा."

हा मेल मी आठवडाभर आधी पाठवला, आणि छापून ओव्हरच्या वहीत चिकटवला. मावशींना आणि सिक्युरिटीच्या माणसांना रुग्णालयाचा मेल मिळत नाही, त्यांना तो तिन्ही ड्युटींत वाचून दाखवला. पहिला आठवडा खरेच दारात उभी राहिले. नऊ-दहा जण चिडले, दोघांनी लेखी तक्रार केली, एक बाई रडली आणि तिला सिस्टरने माझ्याकडे न पाहताच आत सोडले. मला बरे वाटले.

सहा आठवड्यांनी बसलो तेव्हा चार्टवरच्या राहिलेल्या सह्यांबद्दल बोलू असे मला वाटत होते. रात्रीच्या ड्युटीच्या सिस्टरने वेगळेच विचारले. सातनंतर पोचलेली माणसे साडेआठपर्यंत जिन्यावर बसून राहतात, म्हाताऱ्यांना बसवत नाही, त्यांचे काय? हा प्रश्न त्या खोलीतल्या आम्हा कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. दुसऱ्या दिवशी ओपीडीतली दोन बाकडी वर आणून वॉर्डच्या दाराबाहेर ठेवली.